शेवटच्या पंगतीवरून लिहावं

पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या गावांतून लग्नाला जाऊन आलेल्या माणसाला घरी हमखास विचारलं जातं, "आचारी कोण होता?" पुढच्या तिथीची ऑर्डर बऱ्याचदा या उत्तरावरच ठरते. म्हणून लग्न पार पडल्यावर यजमानांनी केटररला किंवा मंडप डेकोरेटरला पाठवलेले आभाराचे चार शब्द दोन जण वाचतात. एक तो स्वतः, आणि दुसरा कुणी अनोळखी वधुपिता, ज्याला तो उद्या आपल्या मोबाइलवर ते दाखवणार असतो. "जेवण अप्रतिम, सजावट सुंदर, सगळ्या पाहुण्यांनी कौतुक केलं" एवढंच लिहिलं, तर दोघांच्याही हाती काही लागत नाही. आचाऱ्याला कळत नाही की आपलं नेमकं काय जमलं, आणि वधुपित्याला कळत नाही की हा माणूस आपल्या लग्नात टिकेल का. लोकांसाठी अशी पत्रं लिहून देताना माझं मत पक्कं होत गेलं आहे: कौतुक पदार्थाचं करू नये, निर्णयाचं करावं, आणि त्या निर्णयाचा पुरावा पहिल्या पंगतीतून न घेता शेवटच्या पंगतीतून घ्यावा.

पहिली पंगत सगळ्यांचीच चांगली होते. कढई नुकतीच उतरलेली असते, वाढपी ताजे असतात, यजमान समोर उभे असतात. कस लागतो तो मुहूर्त लांबल्यावर. आपल्याकडे दाट तिथीला एकेका घरातली माणसं दोन-तीन लग्नं गाठतात. अक्षता पडल्या की सारा मांडव एकदम जेवायला उठतो. त्यातच नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या मंदिरापासून निघायला उशीर झाला, तर आचाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. पुऱ्या आधी तळून टोपलीत झाकल्या, तर वाफ धरून चामट होतात. मसालेभात आधी उतरवला, तर पातेल्याच्या तळाशी तो शिजतच राहतो आणि तासाभरात गिच्च होतो. जाणता आचारी अशा वेळी फोडणी करून ठेवतो, आधण तयार ठेवतो, तांदूळ धुऊन निथळत ठेवतो आणि मिरवणूक कुठवर आली याची बातमी आणायला एक पोऱ्या पाठवतो. बातमी आली की मगच तांदूळ वैरतो. तेही सगळे नाहीत. निम्मे मागे ठेवतो. पाहुण्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त पानातला मोकळा भात दिसतो. म्हणूनच हे पत्रात यायला हवं.

समजा, मे महिन्यातलं 1,200 पानांचं लग्न आहे. पत्र असं लिहिता येईल: "मुहूर्त दुपारी 12:35 चा होता, अक्षता पडल्या पावणेदोनला. तुम्ही पुऱ्यांचा पहिला घाणा मिरवणूक लॉन्सच्या कमानीपाशी आल्यावरच टाकला आणि निम्मा तांदूळ मागे ठेवला. साडेतीनला वाजंत्री आणि गाड्यांचे ड्रायव्हर जेवायला बसले, तेव्हाही पुरी गरम होती, भात मोकळा होता आणि ठरलेला एकही पदार्थ संपला नव्हता. जिलेबीवरचे काका आणि पाण्यावरची दोन मुलं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत. त्यांना आमचे आभार जरूर सांगा." यात 'अप्रतिम' हा शब्द कुठेही नाही. तरीही वाचणाऱ्या वधुपित्याला हवं ते सगळं मिळतं: किती माणसं, किती उशीर, काय केलं आणि सर्वांत शेवटी जेवलेल्याच्या पानात काय पडलं. वाजंत्र्यांच्या पानाचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. व्याह्यांच्या पानाकडे लक्ष देणारे पुष्कळ; ज्यांच्याकडून पुढची ऑर्डर मिळायची नाही, त्यांच्या पानाकडे लक्ष देणारे कमी.

डेकोरेटरचंही तसंच, फक्त त्याची परीक्षा वारा, ऊन आणि पाऊस घेतात. कमान फोटोत सगळ्यांचीच छान दिसते. वस्तीवरच्या हळदीला दारी मांडव घातला असेल, तर आधी पाहावं की छत कसं बांधलंय. सपाट ताणलेल्या छतात अवकाळीची एक सर आली की पाण्याच्या झोळ्या होतात आणि त्या कुणाच्या तरी डोक्यावर रित्या होतात. म्हणून पत्रात लिहावं, "तुम्ही कापडावर ताडपत्री टाकून ती मागच्या चारीकडे उतरती बांधली. संध्याकाळी पाऊस झाला तरी मांडवात पाणी आलं नाही." फुलांबद्दल लिहायचं, तर रंगापेक्षा ती कधी आणि कुठे लावली ते लिहावं: उन्हाच्या बाजूला झेंडू आणि आत सावलीत गुलाब, तोही सकाळी लावलेला, म्हणून संध्याकाळीही माना टाकलेल्या नव्हत्या. एक गोष्ट मात्र बहुतेक पत्रांतून सुटते, ती म्हणजे मांडव उतरवणं. द्राक्षबागेच्या कडेला मांडव असेल आणि डेकोरेटरने दुसऱ्या दिवशी खिळे, तारा, सुतळीचे तुकडे वेचून नेले असतील, तर शेतकऱ्याच्या लेखी ते सजावटीइतकंच महत्त्वाचं काम आहे. राहिलेला एक खिळा ट्रॅक्टरच्या टायरला पुरतो.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. मुहूर्त तासभर लांबला हे लिहिलं, तर आपलीच शोभा होते. आक्षेप रास्त आहे, पण उशीर वगळला तर आचाऱ्याचं कसबही वगळलं जातं, कारण ते त्या तासातच होतं. उशीर कुणामुळे झाला ते लिहायची गरज नाही. दोन वेळा लिहिल्या की पुरे. दुसरा आक्षेप असा, की एवढं बारीक लिहिणं म्हणजे आभार मानायचे सोडून तपासणी करणं झालं. मला उलट वाटतं. ज्याने निम्मा तांदूळ मागे ठेवला, त्याला ते कुणाच्या तरी ध्यानात आलं हे कळणं हाच खरा मान. तिसरा आक्षेप अवघड आहे: काही चुकलं असेल तर? मठ्ठा आंबट झाला असेल, तर ते आचाऱ्याला फोन करून सांगावं. पण पत्रात मठ्ठ्याची स्तुती करू नये. जे पाहिलं तेवढंच लिहिलेलं पत्र गप्प राहूनही खोटं बोलत नाही. "1,200 पानांपर्यंत उत्तम सांभाळलं" असं लिहिलं, तर 3,000 पानांचा घाट घालणारा पुढचा प्रश्न आपणहून विचारेल, आणि त्याने तो विचारायलाच हवा.

हे तपशील यजमानांना ठाऊक नसतात, कारण ते स्टेजवर अडकलेले असतात. तपशील असतात जेवणावर देखरेखीला उभ्या असलेल्या मामांकडे, नाहीतर सामान मोजून घेणाऱ्या चुलतभावाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना विचारून वेळा टिपून घ्याव्यात. चार दिवसांनी सगळ्यांनाच सगळं छान झाल्याचं आठवतं. आचाऱ्याला पत्र इतरांना दाखवायचं असेल, तर आपलं नाव आणि फोटो वापरायला हरकत आहे की नाही, हे त्याच पत्रात स्पष्ट लिहावं. बिलात सूट घेऊन लिहिलं असेल, तर तेही नमूद करावं. लपवलेली सूट उद्या गावात कळली की पत्रातला खरा भातही कुणाला खरा वाटत नाही. आणि राहिलेली रक्कम आधी चुकती करावी, पत्र नंतर पाठवावं. बाकी थकलेली असताना आलेलं कौतुक आचारी वाचतो, पण त्यात तो शोधत असतो फक्त पैशाची तारीख.