हप्ता नसलेल्या काळातील व्याज

परदेशी शिक्षणासाठी भारतीय बँकेचे कर्ज घेणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांना मोरेटोरियम हा शब्द सवलतीसारखा वाटतो. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे साधारणतः एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ घराघरांत पोहोचलेला असतो. या काळात हप्ता थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. पहिली रक्कम विद्यापीठाकडे रवाना होते, त्याच दिवसापासून व्याजाची आकारणी सुरू होते.

मी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत आलो, तेव्हा ३० लाख रुपयांचे कर्ज काढले होते. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आमच्याकडे शेती नव्हती. बाबांनी नोकरीच्या पैशांतून बांधलेले नागपूरचे घर गहाण पडले. त्यामुळे दर महिन्याचा खातेउतारा बाबा माझ्यापेक्षा अधिक बारकाईने वाचत. एकदा त्यांनी फोनवर विचारले, "हप्ता अजून सुरू नाही, नवी उचलही नाही, मग बाकी वाढते कशी?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनी वही घेऊन काढले.

व्याजदर १० टक्के होता. रक्कम चार सत्रांत, प्रत्येक सत्राच्या आरंभी साडेसात लाख, अशी मिळाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचे एक वर्ष धरून मोरेटोरियम ३६ महिन्यांचा. पहिल्या उचलीवर तीन वर्षांचे साधे व्याज सव्वादोन लाख. दुसरीवर अडीच वर्षांचे १,८७,५००. तिसरीवर दोन वर्षांचे दीड लाख. चौथीवर दीड वर्षाचे १,१२,५००. एकूण पावणेसात लाख रुपये. हप्ते सुरू होण्याच्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि कर्ज ३० लाखांचे न राहता ३६ लाख ७५ हजारांचे होते. त्या क्षणापासून व्याजावरही व्याज लागते.

याचा परिणाम हप्त्यात दिसतो. १० वर्षांच्या मुदतीत ३० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ३९,६४५ रुपये होतो. ३६ लाख ७५ हजारांचा सुमारे ४८,५६५. म्हणजे पावणेसात लाखांच्या व्याजापोटी १० वर्षांत सुमारे १० लाख ७० हजार रुपये भरावे लागतात. हप्ता ३९ हजारांच्या घरातच ठेवायचा म्हटले, तर मुदत जवळजवळ १५ वर्षांची करावी लागते. बाबांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: घराची कागदपत्रे पाच वर्षे उशिरा परत मिळणार.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मोरेटोरियममध्ये व्याज साधे असेल, तर न भरलेल्या व्याजावर त्या काळात व्याज चढत नाही. म्हणून ते पहिल्या वर्षी भरले काय किंवा मुद्दलात मिळवण्याच्या आदल्या दिवशी भरले काय, मुद्दल तेवढेच राहते. काही बँका मात्र शिक्षणकाळात नियमित व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्का सूट देतात. तेथे आधी भरण्यात लाभ आहे. काही कर्जांत व्याज दरमहा मुद्दलात मिळवले जाते. तसे असते तर आमचीच रक्कम सुमारे ३७ लाख ५९ हजारांवर गेली असती, आणि प्रत्येक महिन्याचा विलंब महाग पडला असता. आपले कर्ज कोणत्या प्रकारचे आहे, हे उताऱ्यावरून कळते. व्याजदर तोच आणि नवी उचल नसतानाही समान दिवसांच्या महिन्यांचे व्याज वाढत असेल, तर ते व्याजावरचे व्याज होय.

विद्यार्थी असताना माझ्या हाती फारसे काही उरत नव्हते. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. पदवीनंतर ओपीटीवर नोकरी लागली, तेव्हा मोरेटोरियमचे नऊ महिने शिल्लक होते. त्या नऊ महिन्यांत मी चार लाख रुपये व्याजात भरले. पावणेतीन लाखच मुद्दलात गेले आणि हप्ता सुमारे ४३,२८० रुपयांवर आला. ते चार लाख तेव्हा भरले नसते, तर १० वर्षांत त्यांचे सुमारे ६ लाख ३४ हजार झाले असते.

इथे वाढलेली आपली मुले अमेरिकी सरकारी कर्ज घेतील, त्यांचा नियम निराळा आहे. १ जुलै २०२३ पासून शिक्षण खात्याकडील डायरेक्ट लोनवर परतफेड प्रथम सुरू होताना थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जात नाही. खासगी कर्जांना हे लागू नाही. म्हणून मंजुरीपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: मोरेटोरियममधील व्याज साधे की चक्रवाढ, आणि ते मुद्दलात कोणत्या तारखेला मिळवले जाईल. ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. जे काही भरणे शक्य आहे, ते तिच्या आधी भरावे.