वडाची सावली मोजताना

हैदराबादेत राहून अनंतगिरीला गेलेलं नाही, असं मराठी कुटुंब विरळाच. पावसाळा सुरू झाला की आपली मंडळी डबे भरून विकाराबादच्या दिशेने निघतात. अप्पा जंक्शन सोडलं की मोईनाबाद, चेवेल्ला, मन्नेगुडा हा रस्ता लागतो आणि दोन्ही बाजूंना वड सुरू होतात. निजामाच्या काळात लावलेले, असं सगळे सांगतात. फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात आणि भर दुपारी गाडीच्या काचेवर सावली पळत राहते.

राष्ट्रीय महामार्ग 163 चा हा सुमारे 46 किलोमीटरचा तुकडा चौपदरी करायचा ठरला, तेव्हा जवळपास 900 वडांचा प्रश्न उभा राहिला. हैदराबादच्या निसर्गप्रेमींनी मोहीम उघडली. मीही सही केली आणि ऑफिसातल्या ग्रुपवर फोटो टाकला. माझ्या टीममधला एक मित्र तांडूरकडचा. त्याचे आईवडील याच रस्त्याने बसने ये-जा करतात. तो जेवताना म्हणाला, "झाडां दिखरे तुमकू, हमारी बस नै दिखती?" मी हसून विषय बदलला.

3 नोव्हेंबर 2025 ला सकाळी चेवेल्लाजवळ मिर्झागुड्याला तांडूरहून येणारी बस आणि खडीने भरलेला टिपर समोरासमोर धडकले. 19 माणसं गेली. मित्राच्या घरचं कोणी त्या बसमध्ये नव्हतं. पण दिवसभर त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही. रस्ता रुंद झाला असता, मध्ये दुभाजक असता तर, हे वाक्य त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी होतं. झाडांसाठी सही करणाऱ्या माणसाने ते ऐकायलाच हवं होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट शोधलं की असा प्रकल्प आखताना पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास कोण करतं आणि कधी. आपल्याकडे 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना आहे. प्रकल्प तिच्या यादीत बसत असेल तर आधी अभ्यासाची व्याप्ती ठरते, मग पाहणी होते, लोकांची सुनावणी होते आणि तज्ज्ञ समिती अहवाल तपासते. नव्या राष्ट्रीय महामार्गाला हे लागतंच. असलेला महामार्ग रुंद करायचा असेल, तर 2013 च्या दुरुस्तीनंतर काम 100 किलोमीटरहून लांब असेल आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जागा घ्यायची असेल, तरच.

आम्ही संगणकवाले अशा अटी रोज लिहितो. आकडा मर्यादेच्या खाली असला की प्रोग्राम पुढची तपासणी न करता निघून जातो. 46 हा 100 पेक्षा लहान, इथेच विषय संपला. वाटेत 900 वड आहेत की एकही नाही, हा प्रश्न ती अट विचारतच नाही. लांबी मोजायला सोपी, म्हणून अट लांबीची.

माणसांचंही तसंच. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. पण राष्ट्रीय महामार्गाची जमीन 1956 च्या वेगळ्या कायद्याखाली घेतली जाते. मोबदल्याचे नवे नियम तिथे लागू झाले, हा अभ्यास मात्र बंधनकारक नाही.

म्हणजे झाडांचा आणि माणसांचा हिशेब आखणीच्या टेबलावर आपोआप होणार नव्हता. तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला, तोडीला स्थगिती आली आणि वर्षं गेली. अखेर आराखडा बदलला गेला. बहुतेक वड जागेवर ठेवायचे आणि अगदी अडणारे तेवढे दुसरीकडे हलवायचे, असं ठरलं. स्थगिती उठली ती अपघाताच्या थोडेच दिवस आधी.

डिसेंबरात मी मुलीला घेऊन तिथे गेलो, सोबत टेप घेतली. एका मध्यम वडाचा पसारा आम्ही दोन दिशांनी मोजला: 21 मीटर आणि 19 मीटर. सरासरी 20 धरली तर जमिनीवरची सावली साधारण 314 चौरस मीटर. नर्सरीतल्या रोपाचा पसारा एक मीटर धरला तर त्याची सावली जेमतेम 0.8 चौरस मीटर. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावली तरी आठ चौरस मीटर होतात. आजची सावली आजच परत हवी तर 400 रोपं लागतील. मुलगी म्हणाली, "बाबा, मग एकास दहा हे गणित कुणी काढलं?" मी म्हटलं, ज्याने फक्त झाडं मोजली आणि सावली मोजली नाही, त्याने.

हलवलेल्या झाडाचंही नीट समजून घ्यायला हवं. फांद्या छाटतात, बुंध्याभोवती चर खणून मुळांचा मातीसकट गोळा बांधतात आणि क्रेनने ट्रेलरवर चढवतात. वड चिवट, त्याची फांदीसुद्धा मूळ धरते, त्यामुळे तो इतर अनेक झाडांपेक्षा बरा जगतो. पण पहिल्या पावसात फुटलेली पालवी पाहून टाळ्या वाजवू नयेत. ती खोडात साठलेल्या अन्नावर फुटते. नवी मुळं धरली की नाही, हे दोन उन्हाळे गेल्यावर कळतं. आणि जगला तरी तो छाटलेला वड असतो, जुना पसारा यायला पुन्हा अनेक वर्षं लागतात.

जागेवर ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे नवा रस्ता जुन्याच्या एकाच बाजूला करायचा. मग जुन्या रस्त्याची त्या बाजूची वडांची रांग दोन्हींच्या मधोमध येते. कागदावर हे छान दिसतं, पण त्याचीही किंमत आहे. एकाच बाजूच्या शेतकऱ्यांची जास्त जमीन जाते. वेगाने येणाऱ्या गाडीला बुंधा धोक्याचा, म्हणून लोखंडी कठडे आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लागतात. आणि बुंध्यापर्यंत डांबर नेलं तर मुळांना पाणी मिळत नाही. वाचवलेलं झाड मग काही वर्षांनी वादळात आडवं होतं, तेही रस्त्यावरच.

हे सगळे प्रश्न पहिल्याच नकाशावर सुटण्यासारखे होते. तिथे रेघ सरकवायला पेन्सिल पुरते. नंतर तीच रेघ सरकवायला कोर्ट लागतं, आणि तोवर बस त्याच अरुंद रस्त्याने धावत राहते. अभ्यासामुळे रस्ता रखडला असं म्हणणाऱ्यांना मी आता हेच सांगतो की तो अभ्यास वेळेवर न झाल्यामुळे रखडला.

सोमवारी मी मित्राला टेपचे आकडे दाखवले. त्याने ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "और बसां कित्ते जाते दिन में, गिने क्या?"

मोजल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी आम्ही दोघं चेवेल्लाच्या बसस्टँडवर वही घेऊन बसणार आहोत.