तुडतुडा मोजल्याशिवाय पंप उचलायचा नाही



गेल्या हंगामातली 8 ऑगस्टची गोष्ट. पऱ्हाटी सात आठवड्यांची झाली होती, पात्या लागायला सुरुवात होती. शेजारच्या वावरात दुसरा फवारा चालू होता आणि माझा एकही झाला नव्हता. शेजारी धुऱ्यावर आला अन् म्हणाला, "भाऊ, तुडतुडा उडून राहिला ना तुमच्या वावरात. काऊन नाही मारत? आमच्याकडं येईल तो." औषध दुकानातून आदल्या दिवशी तसाच फोन येऊन गेला होता, माल आला आहे, संपायच्या आत घेऊन जा म्हणून.

खरं सांगतो, पोटात गोळा आला होता. चार एकर कपाशी आहे, दुसरं पीक नाही. पण वही घेऊन वावरात शिरलो. त्या दिवशी काय मोजलं आणि त्यावरून काय ठरवलं ते आज लिहितो.

आधी तुडतुड्याचा जन्म समजून घेऊ, कारण सगळा हिशोब त्यातच आहे.

उडणारा तुडतुडा सगळ्यांना दिसतो. हिरवा, पाचरीसारखा, पंखांच्या टोकाकडं दोन काळे ठिपके. झाडाला पाय लागला की भुर्रकन उडतो. त्याची मादी अंडी घालते ती पानाच्या वर नाही आणि खालीही नाही. ती पानाची शीर टोचून शिरेच्या आत अंडं खुपसते. ते डोळ्याला दिसत नाही आणि फवाऱ्याचं पाणी तिथवर पोचत नाही. 4 ते 11 दिवसांनी अंडं फुटतं आणि पिल्लू पानाच्या खालच्या बाजूला येतं. पिल्लाला पंख नसतात, रंग फिक्कट हिरवा. ओळखायची खूण म्हणजे त्याची चाल. बोट जवळ नेलं की ते खेकड्यासारखं तिरकं पळतं. माव्याचं पिल्लू असं पळत नाही.

पिल्लू पाच वेळा कात टाकतं. हवामानाप्रमाणं याला 7 ते 21 दिवस लागतात. शेवटच्या काती आल्या की पाठीवर पंखांचे छोटे कोंब दिसतात, मग ते उडायला लागतं. पानाचा रस पिल्लूही शोषतं आणि प्रौढही शोषतो. शोषताना तोंडातली लाळ पानात सोडतो, ती पानाला विषासारखी लागते. म्हणून पानाची कड आधी पिवळी पडते, मग लाल होते, पान वाटीसारखं मुडपतं आणि शेवटी कडेनं करपतं. लाल्यात तसं होत नाही. लाल्याचं पान शिरांच्या मधल्या जागेत लाल होतं, शिरा हिरव्या राहतात आणि पान मुडपत नाही. हा फरक न पाहता लाल्यावर तुडतुड्याचं औषध मारणारे मी पाहिले आहेत. एका वर्षी मीही मारलं होतं.

आता मोजणी. एकरात पाच ठिकाणी थांबायचं, एक ठिकाण मधोमध आणि चार चार दिशांना, धुऱ्यापासून आत. प्रत्येक ठिकाणी चार झाडं, म्हणजे एकरी 20 झाडं. प्रत्येक झाडाचं वरचं एक, मधलं एक, खालचं एक अशी तीन पानं. पान तोडायचं नाही, देठाला धरून हळूच उलटं करायचं. सकाळी ऊन तापायच्या आधी जायचं. प्रौढ तर उडून जातात, म्हणून पिल्लं मोजायची. एकरात 60 पानं होतात. एकूण पिल्लांना 60 नं भागलं की पानामागं किती ते निघतं. मला एका एकराला पाऊण तास लागतो.

कपाशीवर तुडतुड्याची आर्थिक नुकसानीची संकेत पातळी पानामागं 2 ते 3 पिल्लं अशी विद्यापीठं आणि कृषी विभाग सांगतात. मी 2 धरतो.

8 तारखेला माझी वही अशी होती. वरच्या तीन एकरांत 66, 72 आणि 60 पिल्लं, म्हणजे पानामागं 1.1, 1.2 आणि 1. नाल्याकडच्या एकरात मात्र 141, म्हणजे 2.35. या एकरात मी युरिया जास्त टाकला होता, पान कोवळं आणि काळंभोर हिरवं होतं. शिवाय नाल्यापलीकडं भेंडी आहे आणि तुडतुड्याला भेंडी फार आवडते.

इथं माझी जुनी चूक सांगायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी मी चारही एकरांची एकच सरासरी काढली होती. तशीच यंदा काढली असती तर 339 भागिले 240, म्हणजे 1.4 आली असती आणि मी निवांत घरी गेलो असतो. आदल्या वर्षी नेमकं तसंच झालं. सरासरी कमी आली, मी थांबलो आणि नाल्याकडचा एकर करपला. पात्या गळाल्या. तेव्हा मी पातळीला दोष दिला. दोष पातळीचा नव्हता, सगळं वावर एका आकड्यात बसवायला गेलो त्याचा होता. जिथं जमीन, खत किंवा शेजारचं पीक वेगळं आहे तिथं मोजणी वेगळी ठेवायची.

म्हणून 10 तारखेला फक्त नाल्याकडच्या एकरात फवारलं. फ्लोनिकामिड 50 टक्के घेतलं, लेबलवरच्या प्रमाणानं एकरी 60 ग्रॅम, 200 लिटर पाण्यात. नोझल पानाच्या खालच्या बाजूला जाईल असं धरायला लावलं, कारण पिल्लं तिथंच बसतात.

वरच्या तीन एकरांना हात लावला नाही. 12 तारखेला परत मोजलं तर तिथं 1.4, 1.5 आणि 1.3. वाढत होतं. घरचे म्हणाले, "एकदा मारूनच टाका, रात्री झोप तरी लागंल." पण आकडा 2 च्या खाली होता, पानांच्या कडा हिरव्या होत्या, आणि पानापानावर कोळी आणि ढालकिडे दिसत होते. क्रायसोपाची अंडीही दिसली, केसाएवढ्या बारीक देठावर उभी असतात ती. माझा फवारा त्यांनाही लागला असता. 14 तारखेला जोराचा पाऊस झाला. 16 ला मोजलं तर तिन्ही एकर 1 च्या आसपास आले. पावसानं पिल्लं धुऊन निघतात. मात्र पाऊस येईलच म्हणून थांबायचं नसतं. आकडा खाली आहे म्हणून थांबायचं आणि चार दिवसांनी परत मोजायचं.

पुष्कळ जण विचारतात, एका पानावरच्या दोन पिल्लांनी काय नुकसान होणार? दोनाने होत नाहीच. पण नावातच संकेत हा शब्द आहे. ही पातळी नुकसानीची नाही, नुकसानीच्या आधीची आहे. आकडा 2 झाला तेव्हा शिरांच्या आत किती अंडी आहेत ते आपल्याला दिसत नाही, ती येत्या आठवड्यात फुटणार असतात. वरून मजूर मिळायला दोन दिवस, पावसाची उघडीप मिळायला दोन दिवस. तेवढा वेळ हातात राहावा म्हणून पातळी खाली धरलेली आहे. अंडी धरून हिशोब केला की दोन पिल्लांचा अर्थ कळतो.

दुसरी बाजू पैशाची. माझ्याकडं एका एकराच्या फवाऱ्याला औषध आणि मजुरी धरून 1100 रुपये लागले. कापूस 7000 रुपये क्विंटलनं धरला तर हे जवळपास 16 किलो कापसाचे पैसे झाले. म्हणजे त्या फवाऱ्यानं एकरी 16 किलोपेक्षा जास्त कापूस वाचणार असेल तरच तो फवारा माझा, नाहीतर दुकानदाराचा. पानामागं एक पिल्लू असताना एवढा कापूस वाचत नाही. औषध महागलं किंवा कापूस पडला की हा हिशोब बदलतो, म्हणून दरवर्षी नव्यानं मांडावा.

आता फवारलेल्या एकराचं. पाच दिवसांनी, 15 तारखेला मोजलं. लगेच मोजलं नाही, कारण हे औषध किडीचं खाणं बंद पाडतं, कीड लगेच खाली पडत नाही. 60 पानांवर 39 पिल्लं मिळाली, म्हणजे 0.65. इथंच बहुतेक जण घाबरतात. अजून पिल्लं आहेत म्हणजे औषध बोगस, मारा दुसरं. शेजाऱ्याचे फवारे असेच वाढले. पण पिल्लाचं आकारमान पाहा. माझ्या 39 पैकी जवळजवळ सगळी बारीक, टाचणीच्या डोक्याहून लहान होती. ती फवाऱ्याच्या वेळी शिरेच्या आत अंड्यात होती, नंतर फुटली. औषधाचा त्यात दोष नाही. पंखांचे कोंब आलेली मोठी पिल्लं पाचव्या दिवशीही धडधाकट पळताना दिसली असती, तर मात्र ती फवाऱ्यातून वाचलेली. मग चूक शोधायची. पानाखाली पाणी पोचलं नाही, प्रमाण कमी पडलं, का तेच तेच औषध मारून कीड त्याला सरावली. सरावली असेल तर त्याच औषधाचा डोस वाढवून उपयोग नाही, गट बदलावा लागतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या तीन एकरांनीही 2 चा आकडा ओलांडला आणि तिथं एक फवारा घेतला. नाल्याकडं परत गरज पडली नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माझे प्रत्येक एकराला एक, म्हणजे 4400 रुपये गेले. शेजाऱ्याचंही चारच एकर, त्याचे तोवर चार फवारे झाले. माझ्या दरानं धरले तरी 17,600. पहिल्या वेच्याला दोघांच्या कापसात सांगण्यासारखा फरक नव्हता.

पैशाहून मोठी गोष्ट शेवटी लिहितो. 2017 साली आमच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. पाठीवर पंप घेऊन उंच पऱ्हाटीत शिरतो तो बहुतेक वेळा मालक नसतो, मजूर असतो. माझ्याकडं फवारायला येणारा गडी त्या दिवशी वरच्या तीन एकरांकडं बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, इकडं नाही मारायचं?" मी म्हटलं, "नाही, इथं दीडच्या खाली आहे." तो हसला अन् पंप खाली ठेवून दिला.

यंदाची वही परवापासून सुरू केली आहे. तुमच्याकडं पानामागं किती आहे? कळवताना कोणत्या एकराचा आकडा ते लिहा, सगळ्या वावराची सरासरी नको.