फरशीचा जोर

शिरोळच्या आमच्या जुन्या घरातली बांबूची शिडी कधी घसरल्याचं मला आठवत नाही. घसरायला तिला वावच नव्हता. जमीन शेणानं सारवलेली, भिंत पांढऱ्या मातीची. वरचं टोक भिंतीत रुतून बसायचं आणि खालच्या दोन टोकांनी जमिनीत कायमच्या खळग्या पाडलेल्या. तरीही माळ्यावरची शेंगांची पोती काढायला चुलते चढले की आजी मला हाक मारायची, "बूड धर रं तिचं." मी सगळ्यात खालच्या पायरीवर दोन्ही पाय देऊन उभा राहायचो. पोरानं उभं राहून काय होणार, असं तेव्हा वाटायचं. आज त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, पण त्याआधी जयसिंगपूरला जावं लागेल.

अकरावी-बारावीला तिथं होतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात एक दांडा होता. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत, दांडा तिरका टेकलेला, तो घसरेल की नाही ते काढा. वर्गात आम्ही तीन समीकरणं मांडायचो. आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि कुठल्याही एका बिंदूभोवती फिरवणाऱ्या परिणामांची, म्हणजे आघूर्णांची, बेरीज शून्य. उत्तर यायचं, गुण मिळायचे, पण दांडा नक्की कशाच्या आधारावर उभा आहे हे त्यातून कळायचं नाही.

ते कळलं सांगलीला, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी. अप्लाइड मेकॅनिक्स शिकवणारे सर फळ्यावर एकही समीकरण न लिहिता फक्त रेषा काढायचे. दांड्यावर बलं तीनच, ते म्हणाले. एक दांड्याचं वजन, त्याच्या मधोमध सरळ खाली. दुसरी भिंतीची प्रतिक्रिया. भिंत गुळगुळीत असल्यामुळे ती दांड्याला वर-खाली धरू शकत नाही, फक्त काटकोनात ढकलू शकते, म्हणून ही रेषा वरच्या टोकातून आडवी जाते. तिसरी जमिनीची. जमीन वर उचलते आणि घर्षणानं भिंतीकडे ढकलतेही. ही दोन बलं वेगळी न मांडता एकच तिरकं बल धरायचं. ते किती तिरकं, हे अजून माहीत नाही.

मग सरांनी वजनाची उभी रेषा वर वाढवली, भिंतीची आडवी रेषा बाहेर ओढली आणि त्या जिथं भेटल्या तिथं खडूचा ठिपका दिला. ठिपका दांड्यावर नव्हता, भिंतीवर नव्हता, जमिनीवरही नव्हता. दांड्याच्या वर, मोकळ्या हवेत होता. आता त्या ठिपक्याभोवती दांडा फिरतोय का, असं विचारा. वजनाची रेषा ठिपक्यातूनच जाते, तेव्हा ती काही फिरवू शकत नाही. भिंतीचीही नाही. राहिली जमीन. तिची रेषा बाजूनं गेली तर ती एकटी दांड्याला फिरवेल आणि तिला अडवायला कुणीच उरणार नाही. म्हणजे दांडा स्थिर असेल तर जमिनीचं बल त्या ठिपक्यातून गेलंच पाहिजे. नववीच्या भूमितीत मध्यगा एकसंपाती असतात हे सगळेच पाठ करतात. इथं तीन बलांच्या रेषा एकसंपाती व्हाव्या लागतात, आणि नाही झाल्या तर पाय मोडतो.

आकडे घालून बघू. शिडी पाच मीटर, वजन 20 किलो. वरचं टोक जमिनीपासून चार मीटरवर, पाया भिंतीपासून तीन मीटर लांब. वजनाची रेषा पायापासून दीड मीटरवर. म्हणजे ठिपका पायापासून दीड मीटर आत आणि चार मीटर वर. पायापासून ठिपक्यापर्यंत रेघ ओढा. ती चार चढताना दीड सरकते, म्हणून तिरपेपणा दीड भागिले चार, 0.375. जमिनीनं एवढं तिरकं व्हायला हवं. ती होऊ शकते की नाही, हे घर्षण गुणांक ठरवतो. तो 0.375 पेक्षा जास्त असेल तर शिडी उभी राहील, कमी असेल तर जाईल. शिडीचं वजन यात कुठंच येत नाही. 20 किलोची असो की 40 ची, तिरपेपणा तोच.

आणि सरांनी शेवटी दाखवलेली गंमत मला अजून आवडते. ठिपका, पाया आणि ठिपक्याच्या बरोबर खालचा जमिनीवरचा बिंदू, हे तीन जोडले की काटकोन त्रिकोण होतो. त्याच्या बाजू म्हणजे तीन बलंच. उभी बाजू चार, तिला 20 किलो वजन म्हणा. आडवी बाजू दीड, म्हणजे भिंतीचा रेटा साडेसात किलो. कर्ण सुमारे 4.27, म्हणजे जमिनीचं बल साधारण 21.4 किलो. वेगळं गणित करायला नको, शिडीचं चित्र नीट मापात काढलं की त्यातच उत्तर मोजता येतं.

रिकाम्या शिडीचं हे झालं. पण शिडी रिकामी ठेवायला कुणी आणत नाही.

समजा फरशीचा घर्षण गुणांक 0.4 आहे. वरची शिडी 0.375 मागते, म्हणजे ती उभी राहते. आता 60 किलोचा माणूस चढायला लागतो. माणूस आणि शिडी मिळून 80 किलो, आणि या एकत्र वजनाची रेषा माणसाबरोबर सरकते. तो अगदी पायाशी असताना ती पायापासून फक्त 0.375 मीटरवर असते आणि मागणी 0.1 च्याही खाली येते. शिडी रिकामी असताना होती त्यापेक्षा घट्ट होते! माणूस मध्यावर पोचला की मागणी परत 0.375. त्यानंतर प्रत्येक पायरीला ती वाढत जाते. एकत्र वजनाची रेषा पायापासून 1.6 मीटरवर आली की 0.4 ची मर्यादा संपते. त्या वेळी माणूस शिडीवर सुमारे 2.7 मीटर चढलेला असतो, मध्याच्या जरासाच वर. तो शेंड्याला पोचेपर्यंत शिडी टिकली असती तर मागणी 0.65 च्या पुढं गेली असती.

म्हणून शिडी तपासायची आपली जी सवय आहे ती मला फार फसवी वाटते. पहिल्या पायरीवर पाय द्यायचा, दोनदा दाबून बघायचं, हलली नाही की चढायचं. ही चाचणी अशा जागी होते जिथं शिडी सगळ्यात भक्कम असते. वाईट शिडीसुद्धा तिथं पास होते. मधेच कुठं करकर वाजत नाही, डगमगत नाही, आणि मग दोन-अडीच मीटरवर एकदम सुटते. पडणारा माणूस नेहमी म्हणतो, "खाली तर चांगली बसली होती." खरंच चांगली बसलेली असते.

आजीची "बूड धर" इथंच बसते. वरच्याच उदाहरणात माणूस थेट शेंड्यावर आहे आणि दुसरा 60 किलोचा माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर उभा आहे असं धरा. आता वजन 140 किलो, एकत्र रेषा परत पायाकडे येते, साधारण 1.56 मीटरवर, आणि मागणी 0.39. जेमतेम, पण मर्यादेच्या आत. खालचा माणूस शिडी हातांनी दाबून धरतो त्याचा उपयोग होतो, पण खरं काम त्याचं वजन करतं. ठिपका भिंतीपासून लांब ओढतं. मी तेव्हा वीसेक किलोचा असेन. चुलत्यांच्या मानानं फार नाही, पण काहीच नाही असंही नाही.

जुनं घर पाडून आम्ही नवं बांधलं तेव्हा पुस्तकातलं गणित आमच्या दिवाणखान्यात आलं, आणि जास्त अवघड होऊन आलं. भिंतीला पुट्टी मारून ऑइल पेंट, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. भिंत गुळगुळीत झाली त्याचं फार बिघडत नाही. जमीन गुळगुळीत झाली की संपलंच. जमिनीला अजिबात घर्षण नाही असं धरलं तर तिचं बल फक्त सरळ वर असतं. वजनाची रेषा उभी, जमिनीची उभी, त्या दोन्ही समांतर, कधी भेटणारच नाहीत. मग भिंत कितीही खरखरीत असू दे, शिडी कितीही ताठ उभी करा, ती राहणार नाही. गुळगुळीत भिंतीला शिडी टेकवता येते. गुळगुळीत जमिनीवर ती टेकवता येत नाही. लोक मात्र चढण्याआधी वर भिंतीकडं बघतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या. 2005 चं पाणी आमच्या पिढीनं पाहिलेलं होतं, त्यामुळे नदी कुठवर येऊ शकते याचा अंदाज होता. पाणी गल्लीत येण्याआधीच टीव्ही, धान्य, कागदपत्रं, गाद्या सगळं माळ्यावर चढवायचं होतं. लोकांच्या ओल्या पायांनी फरशीवर चिखलाचा पातळ थर बसला होता. शेजारचा पोरगा शिडी घेऊन आला, टेकवली, पहिल्या पायरीवर उड्या मारून म्हणाला, "बघा काका, हलत न्हाई." मी त्याला गुणांक सांगत बसलो नाही. शिडी उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेली आणि दोन्ही पाय उंबऱ्याला आतून टेकवून वरचं टोक समोरच्या माळ्याच्या काठाला लावलं. उंबऱ्याला पाय अडला की घर्षणाचा प्रश्नच उरत नाही. पाय मागे सरकायला निघाले की उंबरा लागेल तेवढं आडवं ढकलतो, आणि खालचं बल पाहिजे तितकं तिरकं होऊ शकतं. खाली पोतं टाकूया असं कुणीतरी सुचवलं. ओल्या फरशीवर पोतंच घसरतं, शिडीसकट.

पुस्तकातल्या दांड्याला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. खऱ्या भिंतीला थोडं घर्षण असतंच. ते धरलं की भिंतीचं बलही तिरकं होऊ शकतं, ठिपका एका जागी ठरत नाही आणि नुसत्या रेषांनी बलांची नेमकी वाटणी सांगता येत नाही. पण घसरणाऱ्या शिडीला भिंतीचं घर्षण वरच उचलतं, मदतच करतं. म्हणून भिंत गुळगुळीत धरून केलेला हिशोब सावध बाजूचा असतो. आपल्याला हवा तोच.

आता घरात अॅल्युमिनियमची शिडी आहे, पायाला रबरी बूट. तिच्यावर चारास एक असं प्रमाण छापलंय, चार मीटर उंचीला पाया एक मीटर लांब. वरचाच हिशोब यात घातला तर 60 किलोचा माणूस शेंड्याला असतानाही मागणी 0.22 च्या आसपास राहते, कोरड्या फरशीवर रबराला ती सहज झेपते. टेप नसेल तर पायाचे अंगठे शिडीच्या बुडाला लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे पायरीला आरामात टेकले तर कोन साधारण बरोबर असतो. वाकावं लागलं तर शिडी फार पसरली आहे. माझे हात पूर्वीपासून जरा आखूड आहेत, तेव्हा मी तिला आणखी बोटभर आत ढकलतो.