रज़ा नव्हे, रुख़्सत

मराठीतली ‘रजा’ आणि उर्दूतली ‘रज़ा’ एकच शब्द, मूळ अरबी. पण उर्दूत रज़ा म्हणजे संमती, मर्जी. सुट्टीला उर्दूत ‘रुख़्सत’ म्हणतात आणि अर्जाला ‘दरख़्वास्त’. बीड जिल्ह्यात आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक दिवसभर दोन्ही भाषांत वावरतो, त्यामुळे असे जुळे शब्द लेखणीत हमखास गल्लत करतात.

मागे आमच्या स्टाफरूममध्ये नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने अर्ज तपासायला माझ्याकडे दिला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तीन दिवस हवे होते. तिने लिहिलं होतं, ‘वालिदा की अयादत के लिए तीन यौम की रज़ा दें.’ शेवटी ‘आपकी फ़रमाँबरदार शागिर्द’.

मी म्हटलं, “बेटा, अयादत म्हणजे आजाऱ्याला भेटून येणं. त्याला अर्धा दिवस पुरतो. तू तर आईजवळ राहणार, डोळ्यात औषध घालणार. त्याला तीमारदारी म्हणतात.” साहेबांनी कारण वाचून एकच दिवस मंजूर केला असता, तर त्यांना दोष देता आला नसता.

“आणि आपा, शागिर्द?” तिने विचारलं.

ते शाळेच्या पुस्तकातल्या विद्यार्थ्याच्या अर्जातून आलं होतं. शिक्षिका मुख्याध्यापकांची शागिर्द नसते. तिने ‘अल-आरिज़ा’ लिहावं, म्हणजे अर्जदार. पुरुष असेल तर ‘अल-आरिज़’. ‘फ़िदवी’ पूर्वी सर्रास लिहीत, आता जुनाट वाटतं.

राहिलं ‘दें’. उर्दू अदबीचा नियम सोपा आहे: आपण ‘अर्ज़’ करायचं, समोरच्याने ‘इनायत फ़रमाना’. उलटं कधीच नाही. स्वतःबद्दल ‘मैंने फ़रमाया’ म्हणणारा माणूस हसं करून घेतो.

दुरुस्त अर्ज असा झाला:

बख़िदमत जनाब सदर मुदर्रिस साहब,
जनाब-ए-आली!
मुअद्दबाना अर्ज़ है कि मेरी वालिदा की आँख का ऑपरेशन 12 जनवरी को होना है। उनकी तीमारदारी के लिए मेरा उनके पास रहना ज़रूरी है। बराहे करम 12 से 14 जनवरी तक तीन यौम की रुख़्सत-ए-इत्तेफ़ाक़िया इनायत फ़रमाएँ। ऐन नवाज़िश होगी।
अल-आरिज़ा

खाली नाव, हुद्दा, सही, तारीख. ‘रुख़्सत-ए-इत्तेफ़ाक़िया’ म्हणजे आपली किरकोळ रजा. हे लिहिलं नाही तर तीन दिवस कोणत्या खात्यातून वजा करायचे, हे कारकुनाला कळत नाही.

अदबीचे शब्द मोजून चार आहेत: बख़िदमत, मुअद्दबाना, बराहे करम, ऐन नवाज़िश. याहून जास्त घातले की अर्जाची खुशामत होते. बाकीची जागा कारण आणि तारखांची. मंजुरी देणाऱ्याला तेच वाचायचं असतं.