लॉट नंबरची वही

खामगावात लोकर विकणं म्हणजे थंडीच्या तीन महिन्यांचा धंदा. बाबांच्या दुकानात लोकर, क्रोशाच्या सुया, भरतकामाचे दोरे मिळतात. तोच गुंडा मोबाइलवर दहा-वीस रुपयांनी स्वस्त दिसतो. भावात आपण जिंकणार नाही, हे उघड होतं. मग गिऱ्हाइकाने परत का यावं?

उत्तर गुंड्याच्या लेबलवरच होतं. तिथे रंगाच्या नंबराजवळ लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. वेगळ्या लॉटचा तोच रंग हातात घेतला तर सारखाच वाटतो. पण विणून शेजारी आला की पट्टा उठून दिसतो. म्हणून लोक एकदम सगळे गुंडे घेतात, किंवा पैसे पाहून मागे फिरतात.

ऑक्टोबरात मी बारा जणींचा ग्रुप केला. काम एकच: बाळाचं पांघरूण. चार इंचांचे चौकोन, आडवे सहा, उभे नऊ, एकूण चोपन्न. एका चौकोनाला साधारण दहा ग्रॅम लोकर, म्हणजे पन्नास ग्रॅमचे अकरा गुंडे. जोडायला आणि काठाला एक जास्तीचा. प्रत्येकीचे बारा गुंडे एकाच लॉटचे काढून पिशवीत बांधले, वहीत नाव आणि नंबर लिहिला. दर शनिवारी दोन गुंडे न्यायचे, तेवढ्याचेच पैसे द्यायचे. सहा आठवडे, सहा फेऱ्या.

शनिवारी चारला सगळ्या आपापले चौकोन आणायच्या आणि मी काउंटरवर पट्टी ठेवायचे. साखळ्या तेवढ्याच, खांब तेवढेच, तरी कुणाचा चौकोन साडेचार इंच भरायचा. हात सैल असतो. सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक दिली की माप जमतं. हे फोटोत दिसत नाही, म्हणून दुकानात यावंच लागतं. व्हॉट्सअॅपवर मी फक्त वेळ आणि पुढची पायरी टाकते. ऑफर टाकत नाही. रोज ऑफर टाकणारे ग्रुप लोक म्यूट करतात, मीही करते.

धोका वेगळाच निघाला. दोन काकू इतक्या सराईत, की नवख्या मुली आपलं काम पिशवीतून काढेनात. मग प्रत्येक काकूशेजारी एक नवखी बसवली. "उसव माय, उसवल्याबिगर हात बसत नाही," हे काकूंनी म्हटलं तर चालतं, दुकानदाराने म्हटलं तर नाही.

ग्रुप चालतोय का, हे मेसेज मोजून कळत नाही. मी वही पाहते. बारापैकी नऊ पांघरुणं पूर्ण झाली. तिघी मध्येच थांबल्या आणि त्यांचे गुंडे माझ्याकडे अडकले. पिशवी बांधून ठेवण्याची ही किंमत. नवातल्या सात जणी पुढच्या दोन महिन्यांत दुसऱ्या कामासाठी आल्या. हा आकडा खरा.

संक्रांतीनंतर लोकर कुणी हातात धरत नाही. आता शनिवारी सुती दोऱ्याचे रुमाल चालू आहेत. त्यालाही लॉट नंबर असतो.