बोलीचे पैसे कोणाच्या पदरात?

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की आमच्या घरी संध्याकाळ मोकळी असते. यंदा पुतण्याने ‘मॉडर्न आर्ट’ नावाचा खेळ आणला. राइनर क्निझिया या जर्मन खेळकाराने तो रचला असून १९९२ साली तो प्रथम प्रसिद्ध झाला. लिलावाचा खेळ म्हणताच आईने विचारले, “हे द्यूत तर नव्हे ना?” पैसा कागदाचा आहे, पणाला काहीच लावायचे नाही, हे सांगितल्यावर ती निश्चिंत होऊन शेजारी बसली.

खेळ चित्रांच्या खरेदी-विक्रीचा. प्रत्येकाजवळ आरंभी एक लाख असतात. हातातील चित्रे आपणच आळीपाळीने लिलावास काढायची आणि इतरांची घ्यायची. एकाच चित्रकाराचे पाचवे चित्र पटावर आले की हंगाम संपतो. ज्याची चित्रे सर्वाधिक आली त्याच्या प्रत्येक चित्राला ३० हजार, दुसऱ्याच्या २०, तिसऱ्याच्या १०; उरलेल्यांना त्या हंगामात काहीच नाही. असे चार हंगाम.

पहिल्याच हंगामात माझ्या मुलीने योको या चित्रकाराचे चित्र काढले. योकोची तोवर तीन चित्रे आली होती, क्रिस्टिनची दोन. बोली १५ वरून २० वर गेली. मी थांबलो, पत्नी थांबली नाही. पुतण्याने २८ म्हणून चित्र घेतले आणि विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. पुढे क्रिस्टिनची चित्रे भराभर येऊन योको दुसऱ्या स्थानी गेला. चित्राचे २० हजार आले. ८ हजार बुडाले.

“नशीब फिरले. योको पहिला आला असता तर दोन हजार सुटले असते,” तो म्हणाला.

तेव्हा आईने सहज विचारले, “पण तुझे २८ हजार गेले कुठे?”

सारे मर्म त्या प्रश्नात होते. मंदिरात अभिषेकाची बोली लागते, तेव्हा पैसा धर्मकार्यास जातो. तिथे चढी बोली हे दानच असते, मोल काढायचे नसते. या खेळात मात्र घेणाऱ्याचा पैसा विकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. योको पहिला आला असता तरी पुतण्याला दोन हजार आणि त्याच्या बहिणीला २८ हजार मिळाले असते. ज्याला तो नफा म्हणत होता, त्यातही तो २६ हजारांनी मागेच पडला असता.

मग आम्ही हिशेब मांडला. योको पहिला किंवा दुसरा येण्याचा संभव निम्मा-निम्मा धरला, तर चित्राचे मोल ३० आणि २० यांच्या मध्ये, म्हणजे २५. त्याच्या निम्म्यावर, साडेबारा हजारांना, सौदा झाला तर घेणारा व विकणारा यांना सारखाच लाभ. त्यावरच्या प्रत्येक हजाराने विकणाऱ्याचा वाटा मोठा होत जातो आणि पंचविसाच्या पुढे घेणारा उघड तोट्यात जातो.

निम्म्यावर नेहमीच थांबावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपण सोडलेले चित्र दुसरा स्वस्तात नेतो, आणि हाती राखलेली रोकड या खेळात काहीच कमावत नाही. विकणारा पिछाडीवर असेल तर निम्म्याच्या थोडे वर जाणे परवडते. तोच आघाडीवर असेल तर लवकर हात आखडावा. आपल्या हातात योकोची आणखी दोन चित्रे असतील, तर त्याला पहिला आणणे आपल्या हाती असते. अशा वेळी आपल्यापुरते त्याचे मोल खरोखरच अधिक असते. पण हा आकडा बोली सुरू होण्यापूर्वी ठरवावा. बोलीच्या भरात ठरवलेला आकडा चित्राचा नसतो, समोरच्याच्या ईर्षेचा असतो.

हे मी शिकवीत होतो, पण शिकलो होतो पैसे मोजून. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या हळदीच्या सौद्यात शेजारच्या व्यापाऱ्याने बोली वाढवली, म्हणून मीही वाढवत गेलो. ढीग मला मिळाला. माल उत्तम होता. फक्त त्या दराने पुढे घेणारे गिऱ्हाईक नव्हते. तो माल वखारीत पडून राहिला आणि अखेर घट सोसून विकावा लागला. त्या दिवशी शेजारी थांबला, ते त्याला परवडत नव्हते म्हणून नव्हे. त्याला मोल ठाऊक होते. पुतण्या येत्या पाडव्यापासून पेढीवर बसणार आहे, म्हणून ही गोष्ट मी त्याला प्रथमच सांगितली.

आता तो प्रत्येक बोलीपूर्वी चिठ्ठीवर आकडा लिहून तळहाताखाली ठेवतो. काल एका चित्रासाठी तो १८ वर थांबला आणि ते मी १९ ला घेतले. त्याने शांतपणे विचारले, “काका, विकतंय कोण?”

विकणारी माझी पत्नी होती. ती आघाडीवर होती, आणि अखेर जिंकलीही तीच.